मदत हवी आहे: हायर लो पक्का झाला असं नेमकं कधी समजायचं?

डेली चार्टवर अपट्रेंड असलेल्या शेअरमध्ये पुलबॅकला एन्ट्री घ्यायची माझी पद्धत आहे, पण एका ठिकाणी अडलोय.

समजा, आधीचा स्विंग लो 84 होता. तिथून भाव 100 पर्यंत गेला आणि कमी व्हॉल्यूमवर 92 पर्यंत खाली आला. 92 वर तळ धरलेल्या कँडलचा हाय 94. तो ओलांडल्यावर घेतलं आणि स्टॉप 91 ला ठेवला, तर जोखीम फक्त 3. हेच 100 च्या वर ब्रेकआउटला 101 ला घेतलं, तर त्याच स्टॉपने जोखीम 10 होते. म्हणजे तेवढ्याच जोखमीत क्वांटिटी एक तृतीयांशाहूनही कमी.

खरी अडचण पुढे आहे. काटेकोर व्याख्येनुसार 92 हा हायर लो ठरतो तो 100 तुटल्यावरच, आणि तोवर स्वस्त एन्ट्री निघून गेलेली असते. त्याआधी घेतलं, तर कधीकधी भाव 96-97 वरून परत फिरतो आणि 91 तोडतो. शिवाय सगळ्यात जोरदार शेअर पुलबॅक देतच नाहीत, हेही खरं.

तुम्ही 94 ला अर्धी आणि 100 च्या वर उरलेली क्वांटिटी घेता का? घेत असाल, तर दुसऱ्या एन्ट्रीनंतर स्टॉप कुठे सरकवता? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावं.