अनुभव धागा: मुनग्यावरचे केसाळ सुरवंट घरात पडणे आणि अंगाला सुटणारी खाज

धागाकर्ती, मानेवाडा

आमच्या मागच्या अंगणाला लागून शेजाऱ्यांचे मुनग्याचे झाड आहे आणि त्याच्या दोन मोठ्या फांद्या आमच्या धुण्याच्या दोरीवर आलेल्या आहेत. पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी बुंध्यावर तपकिरी, दाट केसांच्या सुरवंटांचा थर दिसू लागला. आता ते मोरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि कधी थेट अंथरुणावर सापडतात. सासूबाईंच्या मानेवर आणि माझ्या कमरेवर बारीक लाल पुरळ उठले असून रात्री खाज अधिक होते. विशेष म्हणजे आम्हा दोघींपैकी कोणीही सुरवंटाला हात लावलेला नाही. ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांनी ते कसे काढले, अंगावरची खाज कशाने गेली आणि काय करून त्रास वाढला, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

नंदनवन

आमच्या गावाकडे, काटोल भागात, सुरवंट अंगावरून गेला की त्या जागेवर घोंगडी घासत असत, कारण घोंगडीच्या लोकरीत कुसे अडकून निघून येतात. नंतर खोबरेल तेल लावले की थंड वाटते. झाडावरच्या सुरवंटांसाठी लांब काठीला चिंध्या बांधून, रॉकेलात भिजवून, पेटता टेंभा बुंध्यावरून फिरवत. सगळे भराभर खाली पडून मरत. शहरात आता रॉकेल मिळत नाही, परंतु डिझेल वापरूनही हे होऊ शकेल. फवारणीपेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

सोमलवाडा, कृषी खात्यातून निवृत्त

ताईंनी केलेल्या वर्णनावरून हा मुनग्यावर नेहमी येणारा केसाळ सुरवंटच दिसतो. तो दिवसा बुंध्यावर घोळक्याने बसून राहतो आणि रात्री वर चढून पाने खातो, सालही खरवडतो. घरात शिरण्याचा त्याचा हेतू नसतो. वाऱ्याने फांदी हलली, पाऊस झोडपून गेला किंवा पाला संपून घोळका दुसरीकडे निघाला की तो पडतो आणि भिंत, दोरी, खिडकीची जाळी अशा मिळेल त्या वाटेने चालत सुटतो. पूर्ण वाढ झालेला सुरवंट कोष करण्यासाठी जमिनीत जातो, त्यामुळे शेवटच्या दिवसांत खाली उतरणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते.

टेंभ्याचा उपाय शेतात पूर्वापार चालत आला आहे आणि जुन्या शिफारशींतही तो आढळतो, हे नंदनवनच्या भाऊंचे म्हणणे खरे आहे. तथापि, शेत आणि दहा फुटांवर खिडकी असलेले अंगण यांत फरक आहे. आगीच्या झोताबरोबर केस उडतात आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत व नाकात जातात. वायर, वाळत घातलेले कपडे आणि डिझेल एकत्र असताना तर हे करूच नये. शिवाय मुनग्याची साल मऊ असते, ती भाजते.

वस्तीत मी लोकांना सांगतो ती पद्धत अशी. वेळ सकाळची, उन्हे वर आल्यानंतरची आणि वारा नसतानाची निवडावी, कारण तेव्हा घोळका बुंध्यावर खाली, हाताच्या टप्प्यात असतो. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, मोज्यांत खोचलेली पँट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद चष्मा आणि नाकातोंडावर मास्क असावा. डोक्याला दुपट्टा घट्ट बांधावा. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा भांडी धुण्याचे द्रव साबण घालून ते हातपंपाने घोळक्यावर हलकेच, धुक्यासारखे मारावे. जोराची धार मारली तर सुरवंट चहूकडे उडतात. ओले झालेले केस एकमेकांना चिकटतात आणि हवेत उडत नाहीत, हा यातला मुख्य भाग आहे. त्यानंतर पसरट तोंडाचे टोपले-घमेले, ज्यात अधिक दाट साबणाचे पाणी चार बोटे भरलेले आहे, बुंध्याला टेकवून धरावे आणि लांब लाकडी पट्टीने घोळका वरून खाली त्यात लोटावा. साबणाच्या पाण्यात ते बुडतात. नुसत्या पाण्यात अनेकदा तरंगत काठावर येतात.

मेला म्हणजे धोका संपला, असे मात्र समजू नये. मेलेल्या सुरवंटाचे, त्याने टाकलेल्या कातीचे आणि रिकाम्या कोषाचे केसही तितकेच टोचतात. म्हणून घमेले रात्रभर झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी तो गाळ ओलाच असताना हातभर खोल पुरावा. पाला जाळतो त्या ढिगात तो टाकू नये.

वर चढून फांद्या झटकण्याचा मोह होतो, पण मुनग्याचे लाकूड ठिसूळ असते आणि सूचना न देता मोडते. उंचावरचे घोळके सोडून द्यावेत. ते उद्या सकाळी खाली मिळतात.

धंतोली, परिचारिका

मी त्वचेच्या बाजूने लिहिते. घोंगडीची कल्पना अर्धी बरोबर आहे: केस उचलून काढायचे असतात, पण घासायचे नसतात. घासल्याने ते मोडतात आणि अधिक आत रुततात. त्याऐवजी रुंद चिकटपट्टी त्या जागेवर हलक्या हाताने दाबून सरळ वर उचलावी आणि दर वेळी नवा तुकडा घेऊन असे अनेकदा करावे. पट्टी उजेडात धरली तर कधीकधी बारीक केस दिसतात, पण पुष्कळ केस डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यानंतर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि टॉवेलने न रगडता टिपून घ्यावे. तेल या सगळ्यांच्या आधी लावले तर पट्टी चिकटतच नाही, म्हणून खोबरेल आधी नको.

खाजेसाठी थंड पाण्याची घडी आणि कॅलामाइन पुरेसे ठरते. सेटिरिझीनची गोळी चालते, परंतु तिने झोप येऊ शकते आणि लहान मुले व गर्भवती यांना ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी. औषधाच्या दुकानात ‘खाजेचे मलम’ म्हणून स्टिरॉईड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब हातात ठेवली जाते, ती घेऊ नये. बहुतेकांचे पुरळ काही दिवसांत ते आठवड्याभरात ओसरते. त्यानंतरही नवे पुरळ उठत राहिले, तर केस अजून कपड्यांत किंवा अंथरुणात आहेत, असे समजावे. ताईंच्या बाबतीत मानेवर आणि कमरेवर, म्हणजे गळपट्टी आणि नाडी घासते तिथेच उठले आहे. माझा पहिला संशय दोरीवरच्या कपड्यांवर आहे.

डोळ्याचे वेगळे आहे. केस गेला असे वाटले तर चोळू नये, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. या केसांना उलटे काटे असू शकतात आणि पापणीच्या हालचालीने ते पुढे सरकत बुबुळात शिरतात. लाली कमी झाली म्हणून थांबू नये आणि घरातले जुने थेंब घालू नयेत. ओठ-चेहरा सुजणे, आवाज बसणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले, तर चिकटपट्टीत वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठावे.

हिंगणा रोड

माझ्या मुलाच्या गालावर सकाळी उठल्यावर पट्ट्यासारखा लाल चट्टा होता, त्यावर पाण्याचे फोड आले आणि खाजेपेक्षा जळजळ अधिक होती. आमच्याकडे झाड नाही, पण रात्री ट्यूबलाइटभोवती किडे फार असतात. सुरवंट खिडकीतून आला असावा असे आम्ही धरून चाललो आहोत. कोणते कीटकनाशक खोलीत मारावे?

सोमलवाडा

हिंगण्याच्या भाऊ, हा सुरवंट वाटत नाही. ओढल्यासारखा पट्टा, जळजळ आणि दिव्याजवळचे किडे, यावरून अंगावर चिरडला गेलेला तो बारीक काळा-नारिंगी किडा असावा. तो सुरवंट नसून भुंगेऱ्यांच्या कुळातला आहे. त्याला चिरडू नका, फुंकरीने उडवा आणि रात्री पलंगावरचा दिवा बंद ठेवा. गाल आहे, म्हणून डॉक्टरांना दाखवा. खोलीत कीटकनाशक मारण्याची गरज नाही.

महाल

आमचा कूलर आवाराच्या भिंतीकडच्या खिडकीत आहे आणि त्यावर अशाच झाडाची सावली पडते. एकही सुरवंट घरात न दिसता दोन्ही मुलांच्या हातांवर पुरळ उठले. पावसाळी उकाड्यात कूलर पंख्यावर चालू असायचा. कूलरने बाहेरचे केस ओढून खोलीत फेकले, असे माझे मत आहे. खस बदलून टाकी धुतल्यावर त्रास थांबला.

धंतोली

काकाजी, कूलरने केस येऊ शकतात, पण त्याच आठवड्यात तुम्ही चादरीही धुतल्या असतील तर नेमके कशाने थांबले हे सांगता येणार नाही.

महाल

चादरी सौभाग्यवतींनी धुतल्या होत्या, हे खरे आहे. तरीही झाडाखालचा कूलर मी पुन्हा लावणार नाही.

गोधनी, पक्षीनिरीक्षक

थोडे विषयांतर होईल, पण पावसाच्या सुरुवातीला आपल्याकडे येणारा चातक आणि ‘पेर्ते व्हा’ ओरडणारा पावशा हे दोघेही केसाळ सुरवंट आवडीने खातात. इतर पुष्कळ पक्षी त्यांना टाळतात. म्हणून संपूर्ण झाडावर जहाल औषध मारण्याआधी विचार करावा. मुनग्याचा पाला आणि शेंगा आपणही खातोच.

धागाकर्ती, मानेवाडा

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या काकूंशी बोलून आम्ही सकाळी काम केले. फवारल्यावर घोळका क्षणभर हलला आणि नंतर एकमेकांत गुरफटून जड झाला. पट्टीने लोटताना तो गोळ्याने घमेल्यात पडला. कूलर, पंखे आणि खिडक्या बंद ठेवल्या होत्या. घरात पडलेले सुरवंट ओल्या जाड कागदाने झाकून, कागदासह उचलून साबणाच्या पाण्यात टाकले. अंगणात खराटा न फिरवता पाणी मारून ओल्या फडक्याने पुसले आणि फडकी फेकून दिली. धुण्याची दोरी समोरच्या गच्चीवर हलवली आहे. झाडाखाली वाळलेले कपडे आणि चादरी गरम पाण्यात वेगळ्या धुतल्या. कामाचे कपडे घरात न आणता मोरीतच बादलीत टाकले. माझ्या कमरेवर नवे पुरळ उठणे थांबले आहे. सासूबाईंच्या मानेवर अजून थोडे आहे, कारण त्यांची शाल धुवायची राहून गेली होती.

आता प्रश्न फांद्यांचा आहे. काकू म्हणतात, फांद्या उन्हाळ्यात छाटू. माझे यजमान म्हणतात, झाडच काढून टाकावे. शहरी भागातील वृक्षसंरक्षणाचा 1975 चा कायदा असल्यामुळे झाड तोडण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो, असे एका परिचितांनी सांगितले. मुनगा त्यात कसा मोजतात, हे कोणाला प्रत्यक्ष अर्ज केल्यामुळे माहीत असेल तर लिहावे.

सोमलवाडा

झाड काढायची घाई करू नका. यंदाचे कोष बुंध्याभोवतीच्या मातीत असणार. पावसाळा सरल्यावर हातमोजे घालून, माती आधी थोडी ओली करून, वीतभर खोल खणून उलटून टाका. कोष उघडे पडले की पक्षी आणि ऊन त्यांचे काम करतात. त्या कामालाही चष्मा लावा, कारण कोषावरही केस असतात. पुढच्या पावसानंतर पानांवर अंड्यांचे पुंजके दिसतात का, ते खालच्या फांद्यांवर पाहत जा. पुंजका असलेले पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकणे हे घोळका लोटण्यापेक्षा फारच सोपे असते.

नंदनवन

काकाजी, उंचावरच्या पानांवरची अंडी कशी पाहायची, तेही सांगा. आमच्याकडचे झाड दोन मजली आहे.