मदत हवी आहे: सदोष बॅच परत मागवण्याची सूचना कशी लिहू?

खुसखुशीत: आमचा पाकीटबंद खाऊचा छोटा उद्योग आहे. पॅकिंग करताना फिल्मचा रोल बदलायचा राहिला आणि शेंगदाण्याचं कूट घातलेल्या तिखट काड्या साध्या काड्यांच्या पाकिटात गेल्या. दिसायला दोन्ही सारख्याच. घटकांच्या यादीत शेंगदाणा नाही. बॅच ४१२, पाकिटं ४८०. त्यातली ३१० गोदामात अडवली, १७० दुकानांत गेली. माझा मसुदा असा: "तांत्रिक कारणास्तव काही पाकिटं परत मागवत आहोत. ग्राहकांनी घाबरू नये." ठीक आहे ना?

रिकामा_डबा: मी एकदा आणलेलं पाकीट सादळलेलं निघालं. दुकानदाराने बदलूनही दिलं नाही. तुम्ही निदान बदलून तरी द्या.

चाळणी: इथे प्रश्न सादळण्याचा नाही हो. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

भट्टीजवळ: पण काड्या तळलेल्या आहेत ना? एवढ्या उष्णतेत काय उरतं? शिवाय ज्याला त्रास नाही, त्याने खाल्ल्या तरी काही होणार नाही. नुसतं स्टिकर लावा.

चाळणी: दुसरं बरोबर, पहिलं नाही. तळल्याने जंतू मरतात, शेंगदाण्याची ॲलर्जी आणणारी प्रथिनं टिकून राहतात. स्टिकर गोदामातल्या पाकिटांना लावता येईल, पण घरी पोचलेल्या पाकिटाला कोण लावणार?

खुसखुशीत, "तांत्रिक कारण" वाचून कुणालाच कळत नाही की हे आपल्यासाठी आहे. आणि "घाबरू नये" म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. मी असं लिहीन:

"साध्या तिखट काड्या, बॅच ४१२. या पाकिटांत चुकून शेंगदाणा असलेल्या काड्या भरल्या गेल्या आहेत; पाकिटावर तसा उल्लेख नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास खाऊ नका. खाल्ल्यावर ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा. बॅच क्रमांक पाकिटाच्या मागे, वरच्या शिवणीजवळ आहे. पाकीट फोडलेलं असलं, पावती नसली, तरी दुकानात परत द्या, पूर्ण पैसे मिळतील. इतर बॅचमध्ये हा दोष नाही."

खाली उचलला जाईल असा फोन नंबर द्या. अन्नसुरक्षा खात्याला आणि दुकानदारांना आजच कळवा.

मात्र शेवटचं वाक्य तपासल्याशिवाय छापू नका. चूक कधी लक्षात आली याला महत्त्व नाही. त्याआधी पाकीट आणि माल जुळवून शेवटचं कधी पाहिलं होतं? तिथपासूनचा सगळा माल संशयित.

खुसखुशीत: शेवटची नोंद ४११ च्या मध्यावर आहे. म्हणजे ४११ चा अर्धा मालही?

चाळणी: अर्ध्या पाकिटांवर वेगळी खूण आहे का? नसेल तर ४११ पूर्ण. राखून ठेवलेले नमुने फोडून बघा, पण ते सगळे बरोबर निघाले म्हणून बॅच सुटत नाही. आणि त्या दिवसाचा तुटका चुरा पुढच्या पिठात घातला होता का?

खुसखुशीत: चुऱ्याचं कामगारांना विचारावं लागेल. ४११ ची १२० पाकिटं बाहेर आहेत. भागीदार म्हणतो, आधी फक्त ४१२ जाहीर करू.

भट्टीजवळ: माझंही तेच मत. उगाच दोन बॅचचा बोभाटा कशाला?

चाळणी: चार दिवसांनी दुसरी सूचना काढावी लागली, तर पहिलीवर तरी कोण विश्वास ठेवेल?