उद्याचं रायतं, पाणी न सुटता

मेघना (३०२): उद्या गच्चीवरच्या जेवणाला ४० जणांचं रायतं माझ्याकडे आहे. ३ किलो काकडी, ३ किलो दही. सकाळी ११ लाच करून ठेवलं तर चालेल ना? मागच्या वेळी दुपारपर्यंत नुसतं ताक झालं होतं 😭

शुभदा काकू (१०४): अगं कालवून ठेवू नकोस. मीठ पडलं की काकडी पाणी सोडणारच, मग ते पाणी दह्यात कशाला सोडू द्यायचं, आधीच बाहेर काढ. सालं काढ, उभी चिरून मधल्या बिया चमच्याने खरवडून टाक, खरं पाणी तिथेच असतं. मग बारीक चिरायची, किसायची नाही, किसलेली पिळली की चोथा होतो. किलोला चहाचे २ सपाट चमचे मीठ चोळून चाळणीत अर्धा तास ठेव, खाली पातेलं.

मेघना (३०२): म्हणजे ३ किलोला ६ चमचे?? खारट नाही होणार?

शुभदा काकू (१०४): बरंचसं पाण्याबरोबर जातं. पण थोडं राहतंच, म्हणून दह्यात मीठ घालूच नकोस, शेवटी सगळं कालवून चव बघायची आणि मगच ठरवायचं. पिळल्यावर एक फोड खाऊन बघ, फारच खारट लागली तर गार पाण्यातून पटकन काढून परत पीळ.

निलेश (२०१): पिळायची किती? मी एकदा इतकी पिळली की रबर खाल्ल्यासारखं लागत होतं 😄

शुभदा काकू (१०४): मूठभर घेऊन दाबायची, धार थांबून थेंब थेंब यायला लागलं की बास. फोड वाकली पाहिजे पण दाताखाली कुरकुरली पाहिजे.

मेघना (३०२): आणि दही?

शुभदा काकू (१०४): फडक्यात तासभर टांगून ठेव, चक्का नाही करायचा हं, फक्त वरचं पाणी जाऊ दे. आणि मिक्सर लावू नकोस, दही पातळ होतं, हातानेच घुसळ. काकडी आणि दही फ्रीजमध्ये वेगवेगळ्या डब्यात ठेव, वाढायच्या अर्धा तास आधी कालव. काकडीच्या डब्यात तळाला परत थोडं पाणी दिसेल, ते ओतून टाकून मगच घाल.

निलेश (२०१): कांदा टोमॅटो पण घालणार असशील तर?

शुभदा काकू (१०४): टोमॅटोचा गर बियांसकट काढायचा, नुसता बाहेरचा भाग बारीक चिरून अगदी शेवटी. मीठ लावून ठेवलास तर लगदा होतो. कांद्याला चिमूटभर मीठ, १० मिनिटं, हलकं पिळायचं. गाजराला काही करावं लागत नाही. बुंदीचं मात्र उलटं, ती दह्यातलंच पाणी पिते, तिथे दही पातळच हवं.

मेघना (३०२): पिळलेलं पाणी टाकून देऊ?

शुभदा काकू (१०४): कणीक मळायला घे की, फक्त मग कणकेत मीठ नको. फोडणी पण वाढतानाच, आणि गार करून.

मेघना (३०२): काकू मोठी चाळणी आहे का तुमच्याकडे? माझ्या चाळणीत किलोभरच मावेल 🙈

शुभदा काकू (१०४): १० ला ये, दोन आहेत