शब्दचर्चा : ‘भौतिक’ म्हणजे पैसा का?

बोरीची ताई : मुलगी नर्सिंगला आहे. तिच्या वहीत ‘जीवनाचा भौतिक गुणवत्ता निर्देशांक’ आहे. ‘भौतिक’ वाचून मी तिला उत्पन्न, घर, गाडी असं समजावलं. तिचे मार्क गेले, आता माझ्याशी अबोला.

फोंडेकर : ताई, चूक तुमची नाही, शब्दाची आहे. ‘भौतिक सुखं’ म्हटलं की आपल्याला पैसाच दिसतो. मूळ शब्द ‘फिजिकल’. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९७०च्या दशकात हा निर्देशांक मांडला तो पैसा बाजूला ठेवूनच. अर्भकमृत्यू दर, वयाच्या पहिल्या वर्षीचं आयुर्मान आणि साक्षरता, तिन्हींना सारखं वजन. पैसा आला तो १९९०च्या मानव विकास निर्देशांकात, महबूब उल हक यांच्या. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न.

साखळीकर : पहिल्या वर्षीचं आयुर्मान म्हणजे जन्मावेळच्यातून एक वजा. एवढं काय त्यात?

फोंडेकर : उलट, ते वाढूही शकतं. समजा हजार बाळं जन्मली, जन्मावेळचं आयुर्मान ६०. म्हणजे सगळ्यांची मिळून ६०,००० वर्षं. वर्षाच्या आत १०० दगावली, ती सगळी मिळून फार तर २० वर्षं जगली. उरलेली ५९,९८० वर्षं ९०० जणांत वाटा. प्रत्येकी साडेसहासष्टच्या वर. पहिलं वर्ष वजा केलं तरी पुढची ६५.६ राहतात. अर्भकमृत्यू वेगळा मोजलाय, तो आयुर्मानात पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून मॉरिस पहिल्या वाढदिवसापासून मोजतात. मानव विकासात अर्भकमृत्यू वेगळा नाही, म्हणून तिथे जन्मावेळचंच आयुर्मान चालतं.

साखळीकर : हां, हे डोक्यात नव्हतं.

डिचोलीचा टिप्परवाला : २०१२त खाणी बंद झाल्या. टिप्पर दारात उभा, बँकेचा हप्ता डोक्यावर. तेव्हा यातला कुठला खाली आला असता?

फोंडेकर : राज्याचं दरडोई उत्पन्न घसरलं तर मानव विकासाचा आकडा. तोही थोडाच, कारण उत्पन्न थेट न घेता त्याचा लॉगॅरिदम घेतात. दुसऱ्याला त्या वर्षी पत्ताच लागला नसता, बाळं जगतायत, साक्षर माणसं साक्षरच आहेत. आणि तुमचा हप्ता दोन्हींत नाही. दोन्ही सरासऱ्या, बाब.

टिप्परवाला : म्हणजे आमचं दुःख मोजायला कोणीच नाही.

साखळीकर : मग ‘शारीरिक गुणवत्ता’ म्हणा ना.

फोंडेकर : साक्षरता शरीरात कुठे बसवणार? मला ‘भौतिक’ खटकतो, पण पाठ्यपुस्तकात रुजलाय. ‘जीवनमान’ म्हणावं तर ते राहणीमानाकडे झुकतं, म्हणजे परत पैसा.

बोरीची ताई : लेकीला हजार बाळांचा हिशेब दाखवला. म्हणाली, हे परीक्षेआधी का नाही सांगितलंस?