मदत हवी आहे: रिझर्व्हेशनला हरकत घेणारा देश आणि गप्प बसणारा देश, दोघांच्या हाती सारखंच पडतं का?

तळटीप
मूट कोर्टचा, म्हणजे सरावाच्या खटल्याचा, प्रश्न सोडवतोय आणि एका जागी अडलोय. देश काल्पनिक आहेत: अ, ब आणि क. तिघांमधून एक नदी वाहते आणि रासायनिक अपघातांबद्दल त्यांचा एक बहुपक्षीय करार आहे. कलम ७ म्हणतं की अपघात झाल्यापासून २४ तासांच्या आत बाकीच्या देशांना कळवायचं. रिझर्व्हेशनबद्दल, म्हणजे एखादं कलम आपल्यापुरतं वगळून किंवा बदलून करार मान्य करण्याबद्दल, करारात अवाक्षर नाही. अ ने मान्यता देताना रिझर्व्हेशन टाकलं की आम्ही ७२ तासांत कळवू. ब काहीच बोलला नाही. क ने पाचव्या महिन्यात हरकत घेतली, पण आमच्यात करार लागू होणार नाही असं म्हटलं नाही. पुढे अ मध्ये गळती झाली, त्याने ६० तासांनी कळवलं, आणि ब, क दोघांचं नुकसान झालं.

मी क च्या बाजूने लढतोय. करारांबद्दलचे नियम ठरवणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २१(३) वाचलं तर असं दिसतं की हरकत घेतली की तेवढ्यापुरती तरतूद लागूच होत नाही. मग क ने हरकत घेऊन मिळवलं काय? २४ तास तर गेलेच!

निर्विवाद
सोपं आहे. हरकत घेतली म्हणजे क च्या पुरतं रिझर्व्हेशन मेलं. करार जसाच्या तसा उभा, म्हणजे २४ तास. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने १९८८ मध्ये बेलिलोस खटल्यात स्वित्झर्लंडला हेच ऐकवलं होतं. स्वित्झर्लंड बांधील राहिला, त्याचं रिझर्व्हेशन मात्र उडालं. ६० तास म्हणजे सरळ उल्लंघन.

घरजावई_नाही
माझ्या बाबतीत असंच झालं होतं. नोकरीच्या करारपत्रावर सही करताना मी हाताने एक अट खोडून दुसरी लिहिली. कंपनी काही बोलली नाही आणि दोन वर्षांनी म्हणते, ती अट आम्ही मानलीच नव्हती. वकील म्हणाले, तुमचं खोडणं म्हणजे नवा प्रस्ताव, समोरच्याने स्वीकारला तरच करार. इथेही तेच ना? मग क चा अ शी करारच झालेला नाही, वाद संपला.

जुनी फाईल
घरजावई, तुमचा मुद्दा भरकटलेला वाटतो, पण एके काळी राष्ट्रांमध्ये नियम जवळजवळ असाच होता. राष्ट्रसंघाच्या काळात एकाही सदस्य देशाला रिझर्व्हेशन नामंजूर असलं तर ते टाकणारा करारात येऊच शकत नसे. ते गणित बदललं १९५१ मध्ये, नरसंहार कराराबद्दलच्या हेगच्या न्यायालयाच्या सल्लामतानंतर. व्हिएन्ना कराराने तर उलटाच कल धरला. हरकत घेणाऱ्याने 'आमच्यात करार नको' असं स्पष्ट सांगितलं तरच करार अडतो, एरवी नाही. क ने तसं सांगितलेलं नाही, म्हणून अ आणि क यांच्यात करार आहे.

निर्विवाद, बेलिलोस इथे तसाच चिकटवू नका. तिथे रिझर्व्हेशन अवैध ठरलं होतं, शिवाय ते वैध असो-नसो, आपण करारात आहोतच असं स्वित्झर्लंड स्वतःच मानत होता. एखाद्या देशाला रिझर्व्हेशन आवडलं नाही आणि त्याने हरकत घेतली, एवढ्याने ते अवैध होत नाही.

तळटीप, तुझी अडचण खरी आहे. अ ने 'कलम ७ आम्हाला लागूच नाही' असं म्हटलं असतं, तर क हरकत घेवो वा गप्प बसो, निकाल एकच आला असता: कलम ७ बाजूला. हरकत निव्वळ निषेधापुरती उरली असती. पण अ ने कलम काढलेलं नाही, बदललेलं आहे. ब गप्प राहिला, म्हणून अ आणि ब यांच्यात ७२ तासांचं कलम ७ आहे, आणि ६० तास त्यात बसतात. उद्या गळती ब मध्ये झाली तर ब लाही अ ला कळवायला ७२ तास मिळतील. ब आणि क यांच्यात मात्र २४ च राहतात, त्यांच्या नात्याला अ चं रिझर्व्हेशन शिवत नाही.

अ आणि क यांच्यात २४ ही नाहीत आणि ७२ ही नाहीत. अ ला २४ मान्य नव्हते, क ला ७२ मान्य नाहीत. मग उरतं काय? करारातली मुदत गळते आणि त्या पोकळीत सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायदा येतो.

१९७७ चा इंग्लिश चॅनलचा लवाद वाच. समुद्रतळाच्या हद्दीबद्दलच्या १९५८ च्या जिनिव्हा कराराच्या कलम ६ वर फ्रान्सची रिझर्व्हेशन्स होती आणि ब्रिटनने त्यांना हरकत घेतली होती. फ्रान्स म्हणाला, मग करारच लागू नाही. ब्रिटन म्हणाला, मग कलम ६ पूर्ण लागू. लवादाने दोघांनाही नाही म्हटलं: रिझर्व्हेशन जिथवर पोचतं तिथवरच कलम ६ बाजूला. त्यामुळे चॅनल बेटांजवळच्या, फ्रान्सने नाव घेऊन वगळलेल्या पट्ट्यात कलम ६ गेलं आणि रूढ कायद्यावर, म्हणजे देशांच्या रुळलेल्या वागण्यातून बनलेल्या नियमांवर, हद्द ठरली, तर पश्चिमेच्या अटलांटिक भागात तेच कलम लागू धरलं गेलं.

तळटीप
हे डोक्यात बसलं. म्हणजे मी म्हणायचं की कळवण्याचं कर्तव्य शाबूत आहे, फक्त तासांचा आकडा गेला, आणि रूढ कायद्याने लवकरात लवकर कळवायला हवं होतं?

जुनी फाईल
हो. २१(३) मधल्या 'तेवढ्यापुरतं' या शब्दावर सगळा भार टाक. अ ने कळवण्याला नकार दिलेला नाही, फक्त मुदत वाढवून घेतली. रूढ कायद्यासाठी १९४९ चा कॉर्फू चॅनल खटला आहे. आपल्या पाण्यातल्या सुरुंगांची सूचना जहाजांना दिली नाही म्हणून अल्बानिया जबाबदार ठरला होता. नदीला तो थेट लागत नाही, साधर्म्याने मांडावा लागेल. आणि अ ला गळती कोणत्या तासाला समजली ते तथ्यांत शोध. दुसऱ्या तासाला समजून ५८ तास गप्प बसला असेल तर आकड्याशिवायही तुझी बाजू भक्कम आहे.

कोरा कागद
थांबा, ब गप्प राहिला म्हणजे मान्यता, हे कशावरून? १२ महिन्यांत हरकत न घेणं म्हणजे मान्यता असा नियम आहे, पण ते १२ महिने कुठून मोजले? मान्यतेच्या तारखेपासून नाही, रिझर्व्हेशनची सूचना ब ला मिळाल्यापासून मोजतात. ब स्वतः करारात नंतर आला असेल तर मुदत आणखी पुढे जाते. ब च्या बाजूची टीम हे नक्की पकडणार.

तळटीप
सूचना सगळ्यांना एकाच दिवशी पोचली, गळती त्यानंतर १४ महिन्यांनी. ब आधीपासूनच करारात होता. म्हणजे ब अडकला.

निर्विवाद
ठीक, माझं चुकलं. पण रिझर्व्हेशन अवैधच आहे असं का म्हणू नये? करार लवकर कळवण्यासाठीच केला आहे. २४ चे ७२ केले तर हेतूच मारला जातो.

जुनी फाईल
हा पर्यायी युक्तिवाद म्हणून जरूर घ्या, यात ब लाही आशा आहे. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २०११ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे अवैध रिझर्व्हेशन कुणाच्या मौनाने वैध होत नाही. ते टाकणारा देश रिझर्व्हेशनचा फायदा न मिळता करारात आहे असं गृहीत धरतात, त्याने उलट इरादा सांगितला नसेल तर. तसं झालं तर २४ तास परत येतात, ब साठीही.

पण मार्गदर्शिका म्हणजे करार नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९४ मध्ये असंच म्हटलं तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने विरोध केला होता. ज्या अटीवर सही केली ती अट काढून सही तेवढी ठेवायची, हे त्यांना पटलं नाही. तळटीप, क च्या हरकतीचे नेमके शब्द टाक बरं. रिझर्व्हेशनचा लाभ न देता करार लागू राहील, असं काही देश, विशेषतः नॉर्डिक, स्पष्ट लिहितात.

तळटीप
एवढंच आहे: 'हे रिझर्व्हेशन कराराच्या उद्दिष्टाशी विसंगत आहे. या हरकतीमुळे दोन्ही देशांत करार अमलात येण्यास बाध येणार नाही.'

जुनी फाईल
हेच सगळ्यात त्रासदायक वाक्य. विसंगत म्हणायचं आणि करारही चालू ठेवायचा, पण लाभाबद्दल गप्प. असं लिहिणारे देश पुष्कळ आहेत. मी मुख्य मागणी अवैधतेवर ठेवेन आणि २१(३) पर्यायी, म्हणजे अवैधता फेटाळली तरी ५८ तासांचा मुद्दा हातात राहतो.

कोरा कागद
मी उलट क्रम लावेन. अवैधता आधी मांडली तर न्यायाधीश पहिलाच प्रश्न विचारतील की ७२ तासांनी हेतू नेमका कसा मेला, आणि ते नदीच्या वेगाशिवाय सिद्ध होत नाही. पाणी क पर्यंत किती तासांत पोचतं, हे प्रश्नपत्रिकेत दिलंय का?

तळटीप
परिशिष्टात एक नकाशा आहे, अंतर आहे, प्रवाहाचा वेगही आहे. मी ते पान उघडलंच नव्हतं. हिशोब करून रात्री टाकतो.