मदत हवी आहे : एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा टॅरो कार्ड

माझी मावसबहीण नोकरी बदलण्याबद्दल कार्ड काढून घेते. परवा 'थ्री ऑफ सोर्ड्स' आलं, तर लगेच म्हणाली, "ताई, परत पिस ना!" मग 'टॉवर' आलं, नंतर 'सन', आणि तिथेच ती थांबली. मला हे पटत नाही. ७८ पत्ते नीट पिसले की तेच कार्ड पुन्हा येण्याची शक्यता ७८ पैकी फक्त १. म्हणजे काढत राहिलं की कधीतरी मनासारखं येणारच. मग उत्तर कार्डाचं की तिच्या इच्छेचं? आधीचं कार्ड तसंच ठेवून त्याच्या खुलाशासाठी एकच जादा कार्ड काढणं मला मान्य आहे.

तुम्ही अशा वेळी काय सांगता? तोच प्रश्न पुन्हा किती दिवसांनी घेता, की परिस्थिती बदलल्यावरच?