शब्दचर्चा: 'रीडिंग फ्रेम'ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी, दादर
मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक पत्रक मराठीत करतेय आणि एका वाक्याशी अडलेय. आशय असा, की डिस्ट्रोफिनच्या जनुकातला तुकडा गळाला पण रीडिंग फ्रेम टिकली तर आजार सौम्य, म्हणजे बेकर. फ्रेम मोडली तर तीव्र, म्हणजे डुशेन. मी 'वाचनचौकट' लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'जनुकाचा आराखडा' केलं. आता वाक्य झालंय 'आराखडा बिघडल्यास आजार तीव्र'. पण आराखडा दोन्हीकडे बिघडलेलाच आहे ना? सोमवारी छपाईला द्यायचंय.

गिरगावकर
आराखडा चूकच. पण चौकटही नको. चौकट म्हणजे चतुष्काष्ठ, चार लाकडांची. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचतात एवढं मलाही माहीत आहे. मग चार आलं कुठून? 'तिकटी' म्हणा. अस्सल मराठी शब्द आहे.

सतीश_ठाणे
काका, तिकटीला बांधून फटके मारायचे पूर्वी! आजारी मुलाच्या आईबापांना तो शब्द देणार?

विनायक कु.
पारिभाषिक शब्द हवाच कशाला? सरळ लिहा: लहान तुकडा गेला तर सौम्य, मोठा गेला तर तीव्र. कोणालाही कळेल.

लॅबवाल्या काकू, परळ
विनायक, कळेल खरं, पण चुकीचं कळेल. मी २६ वर्षं जनुकचाचण्यांच्या प्रयोगशाळेत काढली. नेमकी हीच समजूत घेऊन लोक रिपोर्ट दाखवायला यायचे. या जनुकाचे ७९ एक्झॉन, म्हणजे वाचले जाणारे तुकडे, आहेत. त्यातले ४५ ते ५५ असे सलग अकरा गेलेली माणसं बऱ्याचदा खूप सौम्य असतात, आणि एकटा ५० गेलेला मुलगा बहुधा डुशेनचा असतो. किती गेलं यापेक्षा गेलेल्या अक्षरांना तीनने भाग जातो का, ते बघायचं.

हे वाक्य घ्या: कमल गवत उपट वजन उचल. सगळे शब्द तीन अक्षरी. पेशी मोकळ्या जागा बघत नाही, नुसती तीन-तीन अक्षरं मोजत जाते. आता मधली 'लगव' ही तीन अक्षरं काढा. उरतं 'कमत उपट वजन उचल'. सांध्यावरचा एक शब्द बिघडला, पुढचं शाबूत. त्याऐवजी 'गवतउ' ही चार काढा. उरतं 'कमल पटव जनउ चल'. तिथून पुढे सगळाच गोंधळ. पेशीत अशा गोंधळात लवकरच कुठेतरी 'थांबा' अशी खूण येते आणि प्रथिन अर्धवट तुटतं. वर तो संदेशच पेशी बऱ्याचदा नष्ट करते, त्यामुळे स्नायूत डिस्ट्रोफिन जवळपास दिसतच नाही.

सतीश_ठाणे
'कमल पटव' 😄 काकू, फ्रेम मोडली तरी अर्थ लागला की!

लॅबवाल्या काकू, परळ
लागतो कधी कधी, योगायोगाने. 'जनउ'चा लावून दाखव.

निशा_डोंबिवली
मला शब्दांतलं फार कळत नाही, पण माझ्या भाच्याचंच आहे म्हणून विचारते. वय ७. एमएलपीए रिपोर्टमध्ये एक्झॉन ४८ ते ५० नाहीत असं आहे. ओळखीतल्या एका मुलाचे ४८ ते ५१ गेलेत, म्हणजे एक जास्तच. तो १५ वर्षांचा आहे, चालतो, शाळेत जिनेसुद्धा चढतो. बहिणीला सगळे सांगतात, तुझ्याचे कमी गेलेत, तुझा जास्त बरा राहील. खरं ना?

लॅबवाल्या काकू, परळ
निशाताई, नाही. खोटा दिलासा देत नाही. ४८ मध्ये १८६ अक्षरं, ४९ मध्ये १०२, ५० मध्ये १०९. बेरीज ३९७. तीनने भागा, एक उरतो. फ्रेम मोडली. ओळखीतल्या मुलाचा ५१ पण गेला, त्याची २३३. ३९७ अधिक २३३ म्हणजे ६३०, तीनने बरोबर २१० वेळा भाग जातो. त्याचं प्रथिन मधून आखूड झालं, पण दोन्ही टोकं आहेत. डिस्ट्रोफिनचं एक टोक पेशीच्या आतल्या सांगाड्याला धरतं, दुसरं पेशीच्या पडद्याला. मधला दांडा थोडा आखूड झाला तरी काम भागतं.

या हिशोबावरच एक औषध निघालं आहे. त्याने ५१ वाचतानाच वगळला जातो, म्हणजे ३९७ चे ६३० होतात. अमेरिकेत ते २०१६ साली मंजूर झालं. पण त्याने तयार होणारं डिस्ट्रोफिन फार थोडं असतं, आणि फायदा किती यावर वाद आहेत. भाच्याच्या डॉक्टरांशी बोला, रिपोर्ट सोबत न्या.

निशा_डोंबिवली
बहिणीला आज नाही सांगणार. रविवारी जाईन तेव्हा बघते.

विनायक कु.
ठीक, माझं चुकलं. मग पत्रकात लिहा 'तीनने भाग गेला तर सौम्य'. झालं काम, शब्दच नको.

लॅबवाल्या काकू, परळ
तेही छापू नका हो. दहातल्या साधारण नऊ जणांत हा हिशोब जुळतो, दहाव्यात फसतो. ३ ते ७ गेले तर ५५६ अक्षरं, भाग जात नाही, तरी त्यातली बरीच मुलं सौम्य असतात. वाचन पुढच्या एखाद्या ठिकाणाहून नव्याने सुरू होत असावं असं मानतात. उलट, भाग जातो पण पडद्याला धरणारं टोकच गेलंय, तर आजार तीव्र. शंका आली की स्नायूचा तुकडा घेऊन डिस्ट्रोफिन आहे का ते बघतात. रिपोर्टवरचं गणित म्हणजे अंदाज.

मृण्मयी, दादर
काकू, 'गवत उपट' पत्रकात घेऊ का? मग फ्रेमला 'गण' म्हटलं तर? आपण यमाताराजभानसलगा पाठ केलेली माणसं. गणही तीन-तीन अक्षरांचा. एक अक्षर गळलं की पुढचे सगळे गण बदलतात आणि वृत्त बसत नाही. 'गणभंग' छान वाटतं.

गिरगावकर
गण चालेल! पण गणात लघु-गुरू असतात. इथे कोण लघु, कोण गुरू? शिवाय भुजंगप्रयातात बारा अक्षरं, म्हणजे चार गण, म्हणजे परत चौकट आलीच.

सतीश_ठाणे
काका, हे तुम्ही स्वतःविरुद्धच बोललात.

लॅबवाल्या काकू, परळ
उदाहरण खुशाल घ्या. पण आमच्याकडे मराठी बोलतानाही सगळे 'फ्रेम'च म्हणायचे. 'फ्रेममध्ये आहे', 'फ्रेमबाहेर आहे'. आईबापांना रिपोर्टवर इंग्रजीत तेच दिसणार. गणभंग वाचून ते शोधतील कुठे?

गिरगावकर
मग उद्या मराठीत उरणार काय? 'डिलीशन'ही ठेवा तसंच. व्याकरणात केव्हापासून 'लोप' आहे.

मृण्मयी, दादर
लोप मी घेतलाय काका. पण औषधाने ५१ टाळतात त्याला 'वगळणे' केलंय. एक नैसर्गिक गळती, दुसरं मुद्दाम गाळणं. दोन्हीकडे 'लोप' लिहिलं तर औषधानेच जनुक तोडला असं वाटेल.

विनायक कु.
'तीव्र' आणि 'सौम्य' यावर कोणी बोललंच नाही. बेकर सौम्य म्हणतात, पण माझ्या ओळखीतले एक बेकरवाले गृहस्थ चाळिशीत हृदयाच्या त्रासाने गेले. त्यांच्या बायकोला 'सौम्य' वाचून काय वाटेल?

लॅबवाल्या काकू, परळ
हे मात्र बरोबर बोललात.

गिरगावकर
तिकटीबद्दल अजून एक. कोल्हापूरकडे तीन रस्ते मिळतात त्या नाक्यालाही तिकटी म्हणतात, म्हणजे फटक्यांशीच संबंध आहे असं नाही. कोणाच्या गावी आहे का?

सतीश_ठाणे
आमच्या आजोळी आहे, तिकटीवर भजी मिळायची. पण बसचा थांबा तिथे नव्हता.